140 टक्के वाढ, पण कशाच्या तुलनेत?

ऑनलाइन जाहिराती सांभाळणाऱ्या एजन्सीचा माणूस दुकानदाराला भेटायला येतो तेव्हा त्याच्याकडे एक केस स्टडी असतेच. दोन-तीन पाने, एक चढता आलेख आणि मोठ्या अक्षरांत एक टक्केवारी. अशा केस स्टडीतले आकडे बहुधा खोटे नसतात, म्हणूनच त्या तपासायला अवघड जातात. पकडण्यासारखी थाप त्यांत सापडत नाही. दोष असतो तो न छापलेल्या आकड्यांत. छोट्या व्यावसायिकाचे वर्षभराच्या नफ्याचे पैसे अशा एका पानावर विसंबून खर्च होतात, त्यामुळे ते पान कसे वाचायचे हे त्याला ठाऊक असायलाच हवे.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातले एक दुकान आपल्या वेबसाइटवरून साड्या विकते. एजन्सीची केस स्टडी म्हणते, ‘ऑक्टोबर 2024 मध्ये काम सुरू केले. केवळ एका महिन्यात ऑनलाइन विक्रीत 140 टक्के वाढ. रोआस 6.’ रोआस म्हणजे जाहिरातीवरच्या प्रत्येक रुपयामागे नोंदली गेलेली विक्री. दुकानाची विक्री ऑक्टोबर 2023 मध्ये 5 लाख होती आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ती 12 लाखांवर गेली. हिशेब बरोबर आहे.

गैरसमज : मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना केली की ती निर्दोष

वरवर पाहता ही काळजीपूर्वक केलेली तुलना वाटते. ऑक्टोबरची तुलना सप्टेंबरशी केली असती तर सणाचा फायदा कुणीही ओळखला असता. इथे ऑक्टोबरसमोर ऑक्टोबरच ठेवला आहे. पण आपल्याकडची साडीखरेदी इंग्रजी महिन्याने चालत नाही, पंचांगाने चालते.

2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि पुढचे सगळे सण लांबले. त्या वर्षी सर्वपित्री अमावास्या 14 ऑक्टोबरला होती, म्हणजे ऑक्टोबरचा जवळजवळ पहिला अर्धा भाग पितृपक्षात गेला आणि त्या दिवसांत घरोघरी नवी खरेदी टाळली जाते. घटस्थापना 15 ऑक्टोबरला झाली, दसरा 24 ला आणि लक्ष्मीपूजन थेट 12 नोव्हेंबरला. दिवाळीच्या खरेदीचा सगळ्यात जोराचा आठवडा ऑक्टोबरच्या बाहेर पडला. 2024 मध्ये याच्या उलट झाले. पितृपक्ष 2 ऑक्टोबरला संपला, 3 ला घट बसले, 12 ला दसरा झाला, 29 ला धनत्रयोदशी आणि 1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचा जवळपास सगळा हंगाम एका ऑक्टोबरमध्ये मावला. एकही जाहिरात न देता त्या महिन्यात साड्यांची विक्री फुगलीच असती.

मग तुलना कशाशी करायची? सणाला सण जोडायचा. घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंतचे दिवस 2023 मध्ये 29 होते आणि 2024 मध्ये 30, म्हणजे कालावधी जवळजवळ सारखाच. आपल्या दुकानाच्या वहीत या काळात 2023 ला 9 लाख 60 हजारांची विक्री सापडते आणि 2024 ला 12 लाखांची. वाढ 25 टक्के. एकही आकडा न बदलता, फक्त मोजण्याचे दिवस नीट जुळवल्यावर 140 चे 25 झाले.

एजन्सीने ऑक्टोबर मुद्दाम निवडला की सहज निवडला, हे आपल्याला कळणार नाही आणि कळण्याची गरजही नाही. केस स्टडीत एकच महिना दिसला की आधीच्या बारा महिन्यांची आणि काम सुरू झाल्यानंतरच्या प्रत्येक महिन्याची विक्री मागावी. विशेषतः नोव्हेंबर आणि डिसेंबर 2024 चे आकडे. सणात ‘आणलेली’ विक्री पुढच्या महिन्यांतही टिकली का, हे तिथेच दिसते. आणि हे आकडे द्यायला एजन्सी तयार नसेल, तर तिच्या इतर ग्राहकांपैकी नेमके हेच दुकान छापायला का निवडले असावे, याचाही अंदाज बांधता येतो.

गैरसमज : आधीपेक्षा जास्त विकले गेले ते सगळे जाहिरातीमुळे

उरलेल्या 25 टक्क्यांचे काय? दुकान आधीपासूनच वाढत असू शकते. फेब्रुवारी ते मे 2024 ची विक्री आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा 15 टक्के जास्त होती असे धरू. तेव्हा एजन्सी नव्हती. तोच वेग राहिला असता तर 9 लाख 60 हजारांचे 11 लाख 4 हजार आपोआप झाले असते. हा झाला तुलनेचा पाया, म्हणजे जाहिरात नसती तर काय झाले असते याचा अंदाज. प्रत्यक्ष 12 लाख झाले, म्हणजे जाहिरातीच्या नावावर टाकता येईल अशी विक्री 96 हजारांची. हा अंदाजच आहे, त्यावर घासाघीस करता येते. पण केस स्टडीत असा कोणताच पाया दिलेला नसतो, तेव्हा वाचणारा नकळत शून्य वाढ धरून चालतो.

एजन्सीचा माणूस इथे म्हणेल, ‘पण डॅशबोर्ड तर 7 लाख 20 हजारांची विक्री जाहिरातींमुळे झाल्याचे दाखवतो!’ दाखवतो हे खरे. मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये नेहमीची मांडणी अशी असते की जाहिरातीवर क्लिक केल्यापासून 7 दिवसांत किंवा जाहिरात नुसती समोर आल्यापासून 1 दिवसात खरेदी झाली, तर ती जाहिरातीच्या खात्यात जमा होते. दिवाळीसाठी साडी घ्यायचीच, असे ठरवून बसलेल्या जुन्या ग्राहक ताईंना सकाळी फेसबुकवर दुकानाची जाहिरात दिसली आणि संध्याकाळी त्यांनी स्वतःहून वेबसाइट उघडून साडी मागवली, तरी ती ऑर्डर जाहिरातीने आणली असेच नोंदले जाईल. जाहिरात कुणासमोर आली आणि त्याने पुढे काय केले एवढेच डॅशबोर्डला दिसते. ती नसती तर त्याने काय केले असते, हे त्याला दिसण्याची सोयच नाही.

हा फरक किती मोठा असू शकतो, हे ई-बे कंपनीने स्वतःवर प्रयोग करून दाखवले. मार्च 2012 मध्ये तिने अमेरिकेत याहू आणि एमएसएन या शोधयंत्रांवरच्या, ‘ई-बे’ हे नाव शोधणाऱ्यांना दिसणाऱ्या जाहिराती बंद केल्या. त्या जाहिरातींवरून येणारी 99.5 टक्के वर्दळ खालच्या फुकटच्या दुव्यावरून आली. लोकांना ई-बेवरच जायचे होते, कंपनी मधल्या क्लिकचे पैसे भरत होती. पुढे गूगलवरच्या, वस्तूंच्या नावांनी लावलेल्या जाहिरातीही काही निवडक भागांत थांबवल्या आणि बाकीच्या भागांशी विक्री ताडून पाहिली. त्या जाहिरातींवरचा परतावा सरासरी उणे 63 टक्के निघाला. थॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा हा अभ्यास 2015 मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातून ‘जाहिराती निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर जाहिरातीचा चांगला परिणाम त्याच अभ्यासात आढळला. शिवाय ई-बे हे तेव्हा घरोघरी माहीत असलेले नाव होते. ज्या दुकानाचे नावच कुणाला ठाऊक नाही, त्याची गोष्ट वेगळी असू शकते. म्हणूनच केस स्टडीत नव्या आणि जुन्या ग्राहकांची विक्री वेगवेगळी मागावी.

गैरसमज : रोआस दिला म्हणजे खर्च सांगितला

रोआस हे गुणोत्तर आहे. 6 हा आकडा 1 हजारावर 6 हजार विकूनही येतो आणि 10 लाखांवर 60 लाख विकूनही. छोट्या खर्चात, जवळच्या आणि ओळखीच्या ग्राहकांवर तो सहज चढतो. खर्च वाढवला की जाहिरात अनोळखी लोकांपुढे जाऊ लागते आणि तोच आकडा घसरतो. खर्च लिहिलेला नसेल तर आपल्याला यातले काहीच कळत नाही.

आपल्या उदाहरणात तो उलगडता येतो, कारण डॅशबोर्डवरची विक्री माहीत आहे. 7 लाख 20 हजार भागिले 6, म्हणजे मेटाला 1 लाख 20 हजार गेले. पण दुकानाच्या खिशातून एवढेच गेलेले नाहीत. एजन्सीची फी 40 हजार आणि फोटो-व्हिडिओचे 30 हजार धरले की 1 लाख 90 हजार होतात. वर 18 टक्के जीएसटी. दुकानदार नियमित करदाता असेल तर तो वळता करून घेता येतो, कंपोझिशन योजनेत असेल तर तोही खर्चच.

आता जमेची बाजू. साडीच्या विक्रीतून खरेदीची किंमत, कुरिअर वगैरे जाऊन 40 टक्के उरतात असे धरू. 96 हजारांच्या जादा विक्रीवर उरले 38 हजार 400. एजन्सीला शक्य तितके झुकते माप देऊन, दुकान मुळीच वाढत नव्हते असे मानले, तर जादा विक्री 2 लाख 40 हजार आणि उरलेले 96 हजार. खर्च 1 लाख 90 हजार. दोन्ही हिशेबांत महिना तोट्यात जातो. या महिन्यात आलेले नवे ग्राहक पुढच्या वर्षी परत येऊन हा तोटा भरून काढतील, असा दावा करता येतो आणि तो खराही ठरू शकतो. मग केस स्टडीत परत आलेल्या ग्राहकांची संख्या हवी. याशिवाय दोन गोष्टी विचारायच्या राहतात. सणाला किती सूट दिली होती? आणि कॅश ऑन डिलिव्हरीच्या किती ऑर्डर दारातून परत आल्या? वेबसाइटवर ऑर्डर पडली की डॅशबोर्ड ती विक्री धरतो, पार्सल परत आल्याचे त्याला कुणी कळवत नाही.

गैरसमज : मग स्वतः महिनाभर चालवून पाहिले की खरे-खोटे कळेल

ई-बेसारखा प्रयोग छोट्या प्रमाणावर करता येतो. नाशिक आणि कोल्हापूर जिल्ह्यांत जाहिरात चालू ठेवायची, सोलापूर आणि सांगलीत बंद, आणि दोन्हीकडच्या ऑर्डरची आपापल्या मागच्या वर्षाशी तुलना करायची. मेटा आणि गूगल दोन्हीकडे जाहिरात ठिकाणानुसार दाखवता येते. अडचण संख्येची आहे. सरासरी ऑर्डर 4 हजारांची धरली तर 12 लाख म्हणजे 300 ऑर्डर. एवढ्या संख्येत काहीही न करता महिन्यागणिक 15-20 ऑर्डरचा चढउतार नुसत्या योगायोगाने होतो आणि आपली जादा विक्री होती 24 ऑर्डरची. चार जिल्ह्यांत विभागल्यावर तर हा फरक गोंधळात बुडूनच जाईल. त्यामुळे असा प्रयोग सणाबाहेरच्या तीन-चार महिन्यांत, सूट न बदलता चालवावा लागतो. आणि याच कारणाने एका दुकानाच्या एका महिन्यावर उभी असलेली केस स्टडी, तिचे सगळे आकडे खरे असले तरी, पुढच्या दुकानाबद्दल फार थोडे सांगू शकते.