सहा लाखांतले हातात किती?

पुण्यातल्या भाचीने ऑफर लेटरचा फोटो पाठवला आणि विचारलं, “मामा, सहा लाख म्हणजे महिन्याला पन्नास हजार ना?” नाही. हा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च.

त्यातले 60,000 व्हेरिएबल. ते कामगिरीवर ठरतात, बहुधा वर्षाअखेरीस मिळतात, कमीही होऊ शकतात. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 21,600 आणि ग्रॅच्युइटी सुमारे 14,400. हे पैसे पगारात येतच नाहीत. ग्रॅच्युइटीसाठी तर साधारणपणे पाच वर्षं टिकावं लागतं. उरले 5,04,000, म्हणजे महिना 42,000. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 कापला जाईल. नव्या करप्रणालीत या पगारावर प्राप्तिकर सध्या शून्य. हातात 40,000.

खरी मेख पीएफमध्ये आहे. तिचं बेसिक 25,000 आहे. कंपनीने 15,000 ची मर्यादा न धरता पूर्ण बेसिकवर 12 टक्के धरले, तर दोन्ही वाटे 3,000 होतात आणि हातात 37,600 उरतात. ही रक्कम बुडत नाही, खात्यात साठते. पण घरभाडं त्यातून भरता येत नाही. म्हणून सही करण्याआधी एचआरकडून पीएफचा हिशेब लेखी मागून घ्या.