पडला आणि उठला

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका घसरले. हातात भाजीची पिशवी, पायात झिजलेली रबरी चप्पल आणि पायऱ्यांवर ओलं. चार पायऱ्या ते बसल्याबसल्याच खाली आले. पिशवी फाटली आणि टोमॅटो टप्पे खात थेट फाटकापर्यंत गेले. आम्ही तिघंचौघं तिथेच उभे होतो, पण कुणीच हसलं नाही. सगळ्यांचे डोळे काकांच्या चेहऱ्याकडे लागले होते. काकांनी कठड्याला धरलं, उठले, पँट झटकली आणि ओरडले, "अरे बघताय काय नुसते, टोमॅटो पकडा!" त्यासरशी सगळा जिना हसायला लागला. काकासुद्धा.

हसू आलं ते काका उठल्यावर. दृश्य म्हणून खरी गंमत तर आधीच होऊन गेली होती. टोमॅटोही आधीच पळाले होते. तरी मधले दोन सेकंद आम्ही सगळे थांबलो होतो. काकांना लागलं तर नाही ना, एवढं कळेपर्यंत हसू घशातच अडून राहिलं होतं. ते तसेच पडून राहिले असते तर आम्ही धावलो असतो, आणि त्या टोमॅटोंची आठवणसुद्धा पुढे कुणी काढली नसती.

नुकतंच चालायला लागलेलं मूल पडतं तेव्हा हेच उलट्या बाजूने दिसतं. मूल पडतं आणि लगेच रडत नाही. आधी आईकडे बघतं. आईचा चेहरा घाबरलेला दिसला की भोकाड पसरतं. आई हसत "मुंगी मेली, मुंगी मेली!" म्हणाली, की तेही जमिनीवर मुंगी शोधायला लागतं. लागलं की नाही हे पडणाऱ्यालासुद्धा दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागतं, तिथे बघणाऱ्याचं काय!

पडण्या-धडपडण्याच्या, मारामारीच्या विनोदाला इंग्रजीत स्लॅपस्टिक म्हणतात. हा शब्द एका वस्तूवरून आलाय. सोळाव्या शतकापासून इटलीत मुखवटे घालून खेळ करणाऱ्या नटांच्या मंडळ्या गावोगाव फिरत. त्यांच्यातल्या आर्लेकिनो नावाच्या नोकराच्या हातात दोन पातळ लाकडी पट्ट्या मुठीपाशी एकत्र बांधलेलं एक दांडकं असे. ते कुणाच्या पाठीवर हलकेच मारलं तरी पट्ट्या एकमेकींवर आपटून फाडकन आवाज येई. मार चिमूटभर, आवाज पसाभर. पुढच्या सगळ्या पडझडीच्या विनोदाचं तंत्र या दांडक्यात आहे. प्रेक्षकाच्या कानाला वाटतं की जबर बसली, आणि त्याच क्षणी डोळ्याला दिसतं की काही झालेलं नाही.

यातली एक बाजू काढून टाकली की विनोद मरतो. 2010 साली पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या दोन अमेरिकी संशोधकांनी हेच नेमकं मांडलं. काहीतरी बिघडलं पाहिजे, धोका वाटला पाहिजे, आणि त्याच वेळी सगळं ठीक आहे हेही मनाला पटलं पाहिजे. दोन्ही एकदम घडलं की माणूस हसतो. म्हणूनच गादीवर मुद्दाम पडणाऱ्याला कुणी हसत नाही, आणि न्हाणीघरात पडलेल्या आजीलाही नाही. पहिल्यात धोका नाही. दुसऱ्यात 'सगळं ठीक आहे' हे पटायलाच जागा नाही, कारण त्या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे घराघरांत ठाऊक असतं.

हे दोन्ही एकदम साधणं अतोनात कठीण आहे. ते ज्याने आयुष्यभर केलं तो म्हणजे मूकपटांचा नट आणि दिग्दर्शक बस्टर कीटन. जन्म 1895 चा, अमेरिकेतल्या कॅन्ससमधला. खरं नाव जोसेफ. त्या काळच्या नाटकवाल्यांच्या बोलीत जोरात आपटण्याला 'बस्टर' म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. आईवडील रंगमंचावर करमणुकीचे खेळ करायचे आणि हा चारपाच वर्षांचा असल्यापासून त्यांच्यात होता. खेळ असा, की पोरगं बापाला छळतं आणि बाप त्याला उचलून फेकतो. कधी पडद्यावर, कधी पडद्याआडच्या सामानावर. पोराच्या कोटाच्या पाठीला सुटकेसची मूठ शिवलेली होती. बापाला धरायला बरी पकड मिळावी म्हणून.

न्यूयॉर्कमधल्या बालसंरक्षण संस्थेने या खेळावर डोळा ठेवला होता. पोराच्या अंगावर वळ, जखमा आहेत का, हे अधिकाऱ्यांनी तपासलं. काही सापडलं नाही, कारण पोरगं पडायला शिकलं होतं.

पडायला शिकणं म्हणजे काय, हे नीट बघण्यासारखं आहे. आपण घसरलो की आपोआप हात ताठ पुढे करतो आणि मनगट मोडून घेतो. किंवा माकडहाडावर दाणकन बसतो. उभ्या माणसाचं ढुंगण जमिनीपासून साधारण तीन फुटांवर असतं. तिथून ते सरळ खाली आलं तर जमिनीला लागताना वेग ताशी सुमारे पंधरा किलोमीटर होतो. हा वेग बोटाच्या पेराएवढ्या अंतरात थांबला तर हाड मोडतं. तोच वीतभर अंतरात थांबवला तर जोर कितीतरी पटींनी उतरतो. म्हणून शिकलेला माणूस पडण्याआधीच गुडघ्यांत वाकून खाली आलेला असतो. हनुवटी छातीला टेकवतो, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. श्वास सोडून देतो, अंग सैल ठेवतो. कोपर, गुडघा, माकडहाड अशी टोकं जमिनीला लागू न देता मांडी, कुल्ला, पाठीची एक बाजू असे मांसल भाग एकामागून एक टेकवत गोल लोळतो. आणि तळहाताने जमिनीवर सपकन थाप मारतो. त्या थापेने थोडा भार वाटला जातो, आणि आवाजही येतो. आर्लेकिनोच्या दांडक्याचाच आवाज!

कीटनच्या लहानपणीच आणखी एक गोष्ट लक्षात आली. आपटल्यावर आपण स्वतः हसलो, की प्रेक्षक तेवढं हसत नाहीत. मग तो चेहरा कोरा ठेवायला लागला. तो कोरा चेहरा पुढे जगभर प्रसिद्ध झाला. मला त्याचं महत्त्व असं वाटतं, की त्या चेहऱ्यावर दुखल्याची खूण कुठेच नसते. काकांनी आम्हाला "टोमॅटो पकडा" म्हणून जे सांगितलं, ते हा पोरगा अक्षरही न बोलता सांगायचा.

पण हा खेळ टिकून होता तो बापाच्या हातावर. बाप दारूच्या आहारी गेला, फेकण्यातलं टायमिंग बिघडलं. शेवटी 1917 च्या सुरुवातीला मायलेक त्याला सोडून निघून गेले आणि तो खेळ कायमचा बंद झाला. फेकणारा तोच, फेकला जाणाराही तोच. पण पडेपर्यंत आपण कुठे पडणार हे आता दोघांपैकी कुणालाच सांगता येत नव्हतं.

कीटनचं खरं कसब मला एका चुकलेल्या उडीत दिसतं. 1923 च्या 'थ्री एजेस' या चित्रपटात पोलीस पाठीमागे लागलेत आणि नायक एका उंच इमारतीच्या गच्चीवरून दुसरीवर उडी मारतो. उडीसाठी तो काठावर टेकवलेली एक फळी वापरतो. ठरलेलं होतं की उडी पार पडणार. प्रत्यक्षात ती कमी पडली. बोटं समोरच्या काठाला लागून निसटली, अंग भिंतीवर आदळलं आणि कीटन खाली लावलेल्या जाळीत पडला. पुढे काही दिवस त्याला अंथरुणात काढावे लागले.

नंतर त्यांनी चित्रित झालेला तुकडा पाहिला. ती फसलेली उडी इतकी जिवंत होती की टाकून देववेना. पण ती आहे तशी दाखवली तर प्रेक्षकाच्या घशात हसू अडकलं असतं, जसं आमचं जिन्यात अडकलं. माणूस उंचावरून खाली गेला आणि पुढे काय झालं ते दिसतच नाही! म्हणून कीटनने त्या पडण्याला पुढचा प्रवास जोडला. खाली येताना तो खिडक्यांवरच्या कापडी छपरांतून एकेक फाडत जातो. मग भिंतीवरचा पाण्याचा पाइप हाताला लागतो. पाइप भिंतीपासून सुटतो आणि त्याला घेऊन गोल फिरत खालच्या एका खिडकीतून आत भिरकावतो. ती खोली असते अग्निशमन दलाच्या जवानांची. तो फरशीवरून घसरत जातो तो थेट त्यांच्या खाली उतरायच्या खांबापाशी, खांबावरून खाली, आणि निघालेल्या बंबावर चढतो. वाटतं, सुटला एकदाचा. बंब पोचतो त्याच पोलीस ठाण्याशी, जिथून तो पळालेला असतो.

यातलं प्रत्येक कापडी छप्पर म्हणजे जिन्यातला तो दोन सेकंदांचा थांबा भरून काढणारा दिलासा आहे. वेग थोडाथोडा कमी होताना आपल्याला दिसतो, आणि भीती ज्या टप्प्यांनी उतरते त्याच टप्प्यांनी हसू चढतं. कॅमेराही लांब ठेवलेला आहे. पूर्ण माणूस, पायापासून डोक्यापर्यंत, हलताना दिसतो. चेहऱ्याजवळ जाऊन बघायची वेळच येत नाही. फ्रेंच विचारवंत आन्री बर्गसाँने 1900 साली लिहून ठेवलंय की हसताना काळीज क्षणभर बधिर व्हावं लागतं. लांबचा कॅमेरा आणि पटकन उठणारा माणूस हे काम करतात.

म्हणजे हसू ठरतं ते आपल्याला काय कळलं यावर. पडणाऱ्याच्या अंगाला खरोखर काय झालं, ते त्यात येतंच असं नाही. हे मला नीट कळलं ते 1924 च्या 'शेरलॉक ज्युनियर'मुळे. त्यात कीटन चालत्या मालगाडीच्या टपावरून धावतो आणि शेवटी इंजिनात पाणी भरायच्या टाकीच्या नळाला बांधलेला दोर पकडून लोंबकळतो. त्याच्या वजनाने नळ खाली येतो, पाण्याचा प्रचंड लोट अंगावर कोसळतो आणि तो रुळांवर आपटतो. लगेच उठतो आणि पळत सुटतो. त्या वेळी त्याची मान रुळावर आपटली होती. नंतर डोकं भयंकर दुखायचं, पण काम थांबलं नाही. कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरने एक्स-रे पाहून सांगितलं की मानेचं हाड कधीतरी मोडून जुळलेलं आहे.

सुट्टीत माझी दहा वर्षांची भाची आली होती. तिला मी हा चित्रपट दाखवला. पाण्याचा लोट आला तेव्हा ती सोफ्यावर उलटीपालटी होऊन हसली, "मामा, परत लाव ना!" म्हणाली. मी परत लावलं. मानेचं तिला काही सांगितलं नाही. ती पाणी बघत होती. माझी नजर मात्र त्याच्या डोक्यामागच्या रुळावर होती, आणि तो उठून पळायला लागेपर्यंत माझा श्वास अडकलेलाच होता.