शुक्रवारी बदललेला नियम, रविवारी बंद पडलेले ॲप

ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवर सर्व्हर आणि डेटाबेस यांना ‘सिक्युरिटी ग्रुप’ जोडलेला असतो. कोणी कोणत्या पोर्टवरून आत यायचे, याच्या परवानग्या त्यात असतात. ज्याला परवानगी नाही त्याचा संदेश मुकाट्याने टाकून दिला जातो. पाठवणाऱ्याला नकारही कळत नाही.

घरपोच भाजी पुरवणाऱ्या एका छोट्या स्टार्टअपमध्ये शुक्रवारी संध्याकाळी हे नियम साफसूफ करायला घेतले गेले. पोस्टग्रेस डेटाबेसच्या ५४३२ या पोर्टवर कंपनीच्या सगळ्या अंतर्गत नेटवर्कला मुभा होती. ती काढून फक्त ॲप सर्व्हरच्या ग्रुपला द्यायची, हा विचार अगदी योग्य होता. पण यादीत `app-prod` आणि `app-staging` ही नावे शेजारीशेजारी होती आणि निवडला गेला तो चाचणीचा ग्रुप. ॲप उघडून पाहिले, ऑर्डर येत होत्या. मंडळी घरी गेली.

ॲप चालू राहिले याचे कारण असे, की सिक्युरिटी ग्रुप सुरू असलेल्या जोडण्यांची नोंद ठेवतो. नियम काढला तरी नोंदीतली जोडणी लगेच तुटत नाही. बदल लागू होतो तो नव्या जोडण्यांना. ॲप सर्व्हर तर एकदा उघडलेल्या जोडण्याच पुन्हापुन्हा वापरतात. शुक्रवारच्या त्या चाचणीने नवा नियम तपासलाच नव्हता.

रविवारी पहाटे ३ वाजता सर्व्हरचे आठवड्याचे ठरलेले रीस्टार्ट झाले. जुन्या जोडण्या मिटल्या, नवी एकही उघडेना. संशय साहजिकच डेटाबेसवर गेला. तो रीस्टार्टही करून झाला, पण त्याच्यावर काही ताणच नव्हता. जोडण्यांचा आलेख शून्यावर आडवा पडला होता. खरा धागा लॉगमधल्या दोन शब्दांत होता: `timed out`. डेटाबेस बंद असता तर बहुधा लगेच `connection refused` आले असते. काही सेकंद वाट पाहून जोडणी सुटते, तेव्हा वाटेत कोणीतरी संदेश गिळत असल्याचा संशय आधी घ्यावा. ॲप सर्व्हरवरून ही आज्ञा चालवल्यावर तसेच दिसले:

```
nc -zv -w 5 <database-host> 5432
```

मग क्लाउडट्रेलमध्ये, म्हणजे खात्यातल्या बदलांच्या नोंदवहीत, शुक्रवारची `RevokeSecurityGroupIngress` ही नोंद सापडली. योग्य ग्रुपला परवानगी देताच काही क्षणांत ऑर्डर सुरू झाल्या. शोधायला मात्र सकाळ गेली होती.

त्यानंतर टीमने हे नियम हाताने बदलणे थांबवून टेराफॉर्मच्या फाइलमध्ये आणले, म्हणजे दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय बदल होत नाही. तरीही सारख्या नावांची चूक दोघांच्याही नजरेतून सुटू शकते. त्यामुळे अधिक मोलाची ठरली ती दुसरी सवय: बदलानंतर एक ॲप सर्व्हर मुद्दाम रीस्टार्ट करून नवी जोडणी उघडते का, हे पाहायचे, आणि तेही सगळे कामावर असताना. डेटाबेसच्या जोडण्या फार वाढल्या तर वाजणारा अलार्म आधीपासून होता. आता त्या शून्याकडे घसरल्या तरी तो वाजतो.