फाटकापर्यंतचा पत्ता, फाटकाच्या आतला पत्ता

समजा, लातूरकडच्या एका आईने पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीला फराळाचा डबा पाठवला. खोक्यावर लिहिले, 'स्नेहल पाटील, लेडीज होस्टेल, नवी पेठ, पुणे.' आईच्या दृष्टीने पत्ता पूर्ण आहे, कारण मुलगी फोनवर एवढेच सांगते. पण नव्या पेठेत आणि शेजारच्या सदाशिव पेठेत मुली राहतात अशी घरे गल्लोगल्ली आहेत. पाटी असलेले होस्टेल क्वचितच दिसते. बहुतेक ठिकाणी जुन्या वाड्याच्या जागी झालेली इमारत, तीत एकेका खोलीत तीन-चार कॉट, आणि दारावर फक्त घरमालकांचे नाव. स्नेहलचे नाव त्या इमारतीत कुठेच लिहिलेले नाही.

असा डबा दोन टप्प्यांत अडू शकतो. टपाल खाते किंवा कुरिअरवाला तो इमारतीच्या फाटकापर्यंत आणतो. तिथून पुढे तो वॉचमनच्या, घरमालकीणबाईंच्या, वसतिगृहाच्या रेक्टरच्या किंवा कंपनीच्या रिसेप्शनच्या हातात जातो. त्यामुळे एकच पत्ता दोन माणसांना वाचता यायला हवा. पोस्टमनला इमारत हवी असते आणि आतल्याला माणूस.

पोस्टमनसाठी सगळ्यात कामाचा भाग म्हणजे पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला, आणि त्यामागचे डोके श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाचे. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांतले पहिले तीन टपाल कोणत्या वर्गीकरण जिल्ह्यात जायचे ते सांगतात आणि शेवटचे तीन ते कोणत्या कार्यालयातून वाटायचे ते. पुण्यासाठी ४११. सदाशिव आणि नव्या पेठेसाठी ४११०३०, डेक्कन जिमखान्यासाठी ४११००४. दोन्ही ठिकाणांत चालत जाण्याइतकेच अंतर, पण पिनकोड चुकला की डबा दुसऱ्याच कार्यालयाच्या पिशवीत पडतो. तिथून परत फिरून येण्यात एखादा दिवस सहज जातो. पिनकोड शक्यतो इंग्रजी आकड्यांत, सुटा सुटा लिहावा. घाईत लिहिलेले मराठी १ आणि ९ एकमेकांत मिसळतात.

पेठांत घरक्रमांक रस्त्याच्या ओळीने सापडतीलच असे नाही, म्हणून खूण लागते. खूण कायमची आणि रस्त्यावरून दिसणारी असावी. शाळेचे फाटक चालेल, बँकेची शाखा चालेल. 'चहाच्या टपरीजवळ' चालणार नाही; टपऱ्या हलतात आणि शिवाय त्या गल्लीत चार असतात.

आता आतला पत्ता. घरमालकांचे नाव 'द्वारा' म्हणून लिहिणे हा जुना रिवाज पीजीच्या खोलीला अजून तंतोतंत लागू पडतो. दारावरची पाटी त्यांची आणि सोसायटीच्या वहीत नोंद त्यांचीच असते. गेटवर मोबाईल अॅप असेल तर तिथेही फ्लॅट सहसा मालकांच्या नावावरच निघतो. वॉचमन 'पाटील'ला ओळखत नाही, 'देशपांडेंकडच्या मुली' ओळखतो. पण नुसते मालकांचे नाव घालून भागत नाही, कारण मग डबा त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो. म्हणून पहिल्या ओळीतच मुलीचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. एका इमारतीत दोन पाटील सहज निघतात. त्याच ओळीत खोली आणि मजला. ऑनलाइन मागवताना तर हे फार जपावे, कारण लांब पत्ता लेबलावर छापताना शेवटचे शब्द तुटू शकतात आणि नेमका खोलीचा क्रमांकच जातो.

स्नेहलचा पत्ता असा झाला असता:

स्नेहल सुरेश पाटील, खोली ७, दुसरा मजला
द्वारा श्री. देशपांडे (घरमालक)
इमारतीचे नाव, घर क्रमांक
अमुक शाळेच्या मागच्या फाटकासमोर
नवी पेठ, पुणे ४११०३०
मोबाईल: स्वतःचा, न लागल्यास मैत्रिणीचा

शेवटची ओळ उगाच नाही. अभ्यासिकेत बसणारी मुले सकाळी शिरतात ती रात्रीच बाहेर येतात, आणि आत फोन बंद. कुरिअरवाला भरदुपारी दोन रिंगा देतो, उत्तर नाही, मग नोंद करून निघून जातो. दुसरा नंबर त्या वेळी खोलीवर असणाऱ्या कुणाचा तरी हवा. मेसच्या काकूंचा असेल तर उत्तमच, पण त्यांना विचारून. गावाकडच्या वडिलांचा नंबर देण्यात अर्थ नाही. तेही मुलीलाच फोन लावणार.

पत्र्याच्या डब्याला कापड शिवून त्यावर पत्ता लिहिण्याची पद्धत असेल तर एक गोष्ट करावी. चिवड्याचे तेल झिरपते आणि शाई पसरते, म्हणून पत्त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि तोच पत्ता एका चिठ्ठीवर लिहून डब्याच्या आत ठेवावा.

नाव ओळखपत्रावरचेच लिहावे. फराळाला 'पिंकी' चालून जाईल, पण बँकेचे कार्ड देताना माणूस ओळखपत्र मागतो, आणि पासपोर्ट तर ज्याचा त्यालाच देतात. तो वॉचमनकडे ठेवून जा, असे सांगून उपयोग नसतो.

ऑफिसचे गणित जरा वेगळे. हिंजवडीसारख्या ठिकाणी एकाच कंपनीच्या इमारती वेगवेगळ्या फेजमध्ये असू शकतात, म्हणून फेज, टॉवर आणि मजला लिहिल्याशिवाय 'हिंजवडी, पुणे' हा पत्ता अर्धाच. आतल्या टप्प्यात तिथे आडनावापेक्षा कर्मचारी क्रमांक आणि विभाग कामाला येतो, कारण टपाल घेणारा माणूस संगणकावर तेच शोधतो. आधी एक चौकशी करावी: कंपनी खासगी पार्सल घेते का? बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. काही ठिकाणी घेतात, पण खाण्याचे नाही. शनिवार-रविवारी रिसेप्शन बंद असेल तर गुरुवारी निघालेला डबा सोमवारपर्यंत लटकतो.

टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन साधारण चार मीटर बाय चार मीटरचा तुकडा दहा अक्षर-आकड्यांत सांगतो. इमारत शोधायला तो चांगला. त्या तुकड्यावर चार मजले असतील तर कोणता, हे मात्र त्याला ठाऊक नाही.

पार्सल अडलेच तर ट्रॅकिंगवरचा शेरा नीट वाचावा. 'अपुरा पत्ता' म्हणजे इमारतच सापडली नाही. 'दार बंद' म्हणजे इमारत सापडली, माणूस नाही. तेव्हा पत्ता खरडत बसण्यापेक्षा ओळखपत्र आणि तेरा अक्षरांचा स्पीड पोस्ट क्रमांक घेऊन वाटपाच्या कार्यालयात लगेच जावे, कारण वस्तू तिथे मोजकेच दिवस ठेवून परत धाडतात. 'पत्तेदार सोडून गेला' हा शेरा जून-जुलैत, खोल्या बदलण्याच्या दिवसांत, हमखास येतो. नव्या पत्त्याची लेखी सूचना जुन्या भागाच्या टपाल कार्यालयात दिली तर टपाल काही काळ तिकडे वळवून मिळते. कुरिअरला ही सोय लागू नाही. त्यासाठी खरेदीच्या प्रत्येक अॅपमध्ये 'होम' म्हणून साठवलेला जुना पत्ता स्वतःच पुसावा लागतो.