नोटीस पिरियड कमी करून घेताना

लोटे परशुरामच्या एमआयडीसीतील एखाद्या केमिस्टचा नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे आणि नवी कंपनी 45 दिवसांत रुजू व्हायला सांगते, असे समजू. आधी नेमणूकपत्र पाहावे लागते. त्यात ‘नोटीस किंवा त्याऐवजी वेतन’ असा पर्याय कर्मचाऱ्यालाही दिला असेल, तर बोलणी सोपी होतात. तो नसेल, तर सवलत देणे कंपनीच्या मर्जीवर राहते.

पहिली चर्चा विभागप्रमुखांशी करावी. त्यांची खरी अडचण बदली माणसाची असते. म्हणून चालू बॅचेसच्या नोंदी कोणाकडे आणि कोणत्या तारखेला सोपवणार, हे लिहूनच न्यावे.

मग हिशेब. शिल्लक 15 रजा नोटिशीत वळत्या करायला कंपनी तयार झाली, तर कमी पडणाऱ्या 45 दिवसांपैकी 30 दिवसांचे वेतन भरायचे उरते. मूळ वेतन 24,000 आणि एकूण पगार 40,000 असेल, तर वसुली कशावर होणार हे नेमणूकपत्रातील शब्दांवरून ठरते; फरक 16,000 रुपयांचा पडतो. ही रक्कम नवी कंपनी देणार असेल, तर तसे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यावे.

कार्यमुक्तीची तारीख एचआरकडून ईमेलवर येईपर्यंत नव्या कंपनीला पक्की तारीख देऊ नये. तोंडी होकारावर काम सोडल्यास रिलीव्हिंग लेटर अडकू शकते.