‘गं’ कुठे गेला?

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला गुजराती शिकावं लागत नाही, ते येतंच असं तो समजतो. एडिसन-आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर दोन शनिवार भाजी घेतली की ‘केम छो’च्या पुढे गाडी जाते. आपली कोथिंबीर तिकडे कोथमीर, मावशीची मासी, पाणी तर पाणीच, आणि ‘जरा’ जसाच्या तसा. शब्द इतके जवळचे असल्यामुळे आपण मराठी वाक्य मनात धरतो आणि एकेक शब्द बदलत जातो. अर्थ पोचतो, अडतं ते आदराच्या ठिकाणी.

माझी आई सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या गुजराती मासींशी तिची गट्टी जमली. दोघी पासष्टीच्या. मुलं-सुना ऑफिसात, बाहेर बर्फ, गाडी दोघींनाही येत नाही. म्हणजे दिवसभर बोलायला एकमेकींशिवाय कोणी नाही. पंधरा दिवसांत आई त्यांना म्हणू लागली, ‘तुं जरा कोथमीर आप.’ तिच्या डोक्यात वाक्य होतं ‘तू जरा कोथिंबीर दे गं’. मराठीत हे मैत्रिणीशी बोलणं झालं. पण त्यातला गोडवा ‘दे’मध्ये नाही, तो सगळा ‘गं’मध्ये आहे. गुजरातीत जाताना ‘गं’ वाटेतच गळाला आणि उरलं ते नुसतं ‘आप’, म्हणजे मोठ्या माणसानं लहानाला सोडलेलं फर्मान.

गुजराती हा मऊपणा वेगळ्या जागी ठेवते, क्रियापदाच्या शेपटाला. ‘आप’ झालं एकेरी, ‘आपो’ झालं आदरार्थी, आणि ‘आपजो’ म्हटलं की त्यात ‘सवडीनं द्या, घाई नाही’ असा सूर येतो. वर ‘ने’ जोडला, ‘आपो ने’, की लाडीगोडी. हा ‘ने’ म्हणजे आपल्या ‘द्या ना’मधला ‘ना’. फक्त तो ‘ना’ जसाच्या तसा उचलू नये, कारण गुजरातीत ‘ना’ म्हणजे चक्क नकार.

त्याहून मोठा फरक ‘तू’चा. आपल्याकडे ओळख वाढली की अहो-जाहो गळून पडतं, ते गळालं नाही तर मैत्री पक्की वाटत नाही. मी पाहिलेल्या गुजराती घरांतल्या त्या पिढीच्या बायका मात्र चाळीस वर्षं शेजारी राहूनही एकमेकींना नावापुढे ‘बेन’ लावून ‘तमे’च म्हणतात, आणि त्यात दुरावा मुळीच नसतो. एकेरीत बोलावण्याला त्यांच्याकडे खास शब्द आहे, ‘तुंकारो’. शब्दातच नापसंती आहे!

यातली अडचण अशी की समोरचं माणूस तोंडावर काही बोलत नाही. आई ‘तुं’ म्हणत राहिली आणि मासी प्रत्येक वेळी ‘तमे’नं उत्तर देत राहिल्या. हीच खूण ओळखायची: आपण एकेरीवर उतरलो आणि समोरून अनेकवचनच येतंय. पुढे कोथिंबीर मासींऐवजी त्यांच्या सूनबाई आणून देऊ लागल्या. त्यांनीच माझ्या बायकोला हळूच सांगितलं, ‘मम्मीला वाटतं, तुमच्या सासूबाई त्यांना हलकं लेखतात.’ आई हबकलीच. ‘अगं, मी तिला बहिणीसारखी मानते म्हणून तर तू म्हणते!’

गंमत म्हणजे तिचीही एक तक्रार निघाली. मासींचा मुलगा तिला ‘मासी’ म्हणायचा. आमच्याकडे शेजारच्या बाई म्हणजे काकू. ‘मावशी’ सख्खी नसेल तर भांडी घासायला येणारी. गुजरातीत मासी म्हणजे आईची बहीण, लाडाची जागा. उलट आपण शाळेतल्या शिक्षिकेला आदरानं ‘बाई’ म्हणतो, त्या गुजरातीत ‘बेन’ होतात. तिथे ‘बाई’ म्हटलं तर कामवालीच डोळ्यांसमोर येते.

साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांना गांधीजींनी ‘सवाई गुजराती’ म्हटलं होतं. आईला एवढी मजल मारायची नव्हती, तिला दुपारचा चहा परत हवा होता. बायकोनं तिला दोनच गोष्टी पाठ करून घ्यायला लावल्या: काहीही मागायचं ते ‘जो’ लावून, आणि मासी घरी आल्या की ‘मासी आवी’ नाही, ‘मासी आव्यां’. यातलं दुसरं आईला जड गेलं. आपण सख्ख्या आजीलाही ‘आजी आली’ म्हणतो, आणि गुजराती आदर दाखवायला बाईमाणसाला नपुंसकलिंगी अनेकवचनात नेऊन बसवते.

आठवड्याभरात मासी स्वतः कोथिंबीर घेऊन वर आल्या. तासभर बसल्या, उठल्या, आणि आमच्याच दारात उभ्या राहून आईला म्हणाल्या, ‘आवजो हों!’ गुजरातीत निरोप देणारा आणि घेणारा, दोघंही ‘आवजो’च म्हणतात. आईनं मात्र त्याचं सरळ मराठी केलं, ‘या हं’. मग दुसऱ्या दिवशी चार वाजता पोह्यांचा डबा घेऊन ती खाली गेली.