पिलाचे नाव: घराच्या आणि दुकानाच्या बोलीत बसणारे

घरात बाळ आले की बारशापर्यंत नावाचा विचार करायला बारा दिवस तरी मिळतात. कुत्र्याचे पिल्लू आले की मात्र पहिल्याच संध्याकाळी चार जण त्याला चार नावांनी हाका मारू लागतात. वाशिम जिल्ह्यात कारंजा, रिसोड किंवा मंगरूळपीर येथील व्यापारी घरांत पुढे दुकान, मागे राहते घर आणि मधे अंगण अशी रचना अजून पुष्कळ ठिकाणी आढळते. अशा घरात दिवसभर किती शब्द उच्चारले जातात, याचा विचार नाव ठेवताना सहसा कोणी करत नाही.

धान्याचा व्यापार असलेल्या अशाच एका घरात पावसाळ्याच्या तोंडी आठ आठवड्यांचे, झुपकेदार केसांचे पिल्लू आले. नातवाने लगेच ‘बस्टर’ हे नाव जाहीर केले. आठवडाभरात एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. ‘बस’ म्हटले की पिल्लू धावत येई, आणि ‘बस्टर’ म्हणून हाक मारली की जागच्या जागी बसे. पिल्लू मठ्ठ आहे, असा निष्कर्ष घरातील एका काकांनी काढला. दोष पिलाचा नव्हता.

बुडापेस्ट येथील ओट्व्होश लोरांड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये याच प्रश्नाचा शोध घेतला होता. पाळीव कुत्र्यांच्या डोक्यावर संवेदक लावून, परिचित आज्ञा ऐकताना त्यांच्या मेंदूत होणारी विद्युत हालचाल त्यांनी नोंदवली. ओळखीची आज्ञा आणि तिच्याशी काही साम्य नसलेला निरर्थक शब्द यांतील फरक कुत्र्यांच्या मेंदूने टिपला. मात्र आज्ञेतील एखादाच ध्वनी बदलून केलेला शब्द ऐकवला, तेव्हा तसा फरक दिसला नाही. कुत्र्याचे कान तीक्ष्ण असतात, परंतु शब्दातील बारकाव्याकडे ते माणसाइतके लक्ष पुरवत नाही. म्हणून नाव आज्ञेपासून एका अक्षराने वेगळे असून भागत नाही. ते सुरुवातीपासूनच वेगळे वाटावे लागते.

आपल्याकडे आज्ञा तीन भाषांतून दिल्या जातात, ही आणखी एक अडचण. आजी ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ म्हणते. दुकानातील माणसे ‘बैठ’ आणि ‘रुक’ म्हणतात. मुले ‘सिट’, ‘स्टे’ आणि ‘नो’ म्हणतात. शिवाय कुत्र्याला बोलावण्याचे ‘यू यू’, हुसकावण्याचे ‘हाड’ आणि अंगावर सोडण्याचे ‘छू’ हे शब्द परंपरेने आहेतच. या यादीसमोर ठेवले की अनेक लोकप्रिय नावे गळतात. ‘स्टेला’ला ‘स्टे’ अडवतो, ‘सोन्या’ची ‘सोड’शी गल्लत होते, आणि ‘ब्रुनो’च्या शेवटी तर ठणठणीत ‘नो’च ऐकू येतो.

नावाच्या लांबीविषयी मुंबई पोलिसांच्या श्वानांची नावे पाहण्यासारखी आहेत. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात स्फोटके हुडकून काढणाऱ्या लॅब्राडोरचे नाव होते ‘झंजीर’. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या वेळी कामगिरी बजावणारे चार श्वान होते मॅक्स, टायगर, सुलतान आणि सीझर. लिहिताना ‘सुलतान’ चार अक्षरी दिसतो, पण उच्चारात ‘सुल्’ आणि ‘तान’ असे दोनच ठोके पडतात. झंजीर, टायगर आणि सीझर यांचेही तसेच. एका ठोक्याचे नाव चालू बोलण्यात बुडून जाण्याचा संभव असतो. ‘मॅक्स’ला शेवटचा खणखणीत ‘क्स’ तारून नेतो. तीन-चार ठोक्यांचे नाव घरातील प्रत्येक जण आपापल्या परीने तोडतो आणि एका नावाची चार होतात. ‘सीझर’ हे नाव मात्र ‘सिट’ ही आज्ञा वापरणाऱ्या घराने विचार करूनच ठेवावे.

मराठी घरात आणखी एक गंमत घडते. ‘टॉमी’चा ‘टॉम्या’, ‘रॉकी’चा ‘रॉक्या’ आणि ‘मोती’चा ‘मोत्या’ झाल्यावाचून राहत नाही. हे रूप आजी-आजोबांच्या तोंडून येणारच. म्हणून नाव ठेवतानाच त्याचा ‘या’ लावलेला अवतार उच्चारून पाहावा. पहिला ध्वनी कायम राहत असेल तर पिलाला दोन्ही रूपे लवकर अंगवळणी पडतात.

वर सांगितलेल्या घराने शेवटी कागद-पेन्सिल घेतली. एका बाजूला घरातील आज्ञा लिहिल्या, दुसऱ्या बाजूला दुकानात सतत कानी पडणारे शब्द. त्यातून जे निघाले ते मनोरंजक होते. ‘जय’ हे नाव सुनेला आवडले होते, पण येणारा प्रत्येक जण ‘जय जिनेंद्र’ म्हणणार आणि पिल्लू दर वेळी उठून दाराशी जाणार. ‘काजू’ला मागील बाजूच्या किराणा विभागाने हरकत घेतली. ‘मोती’ हे जुने, चांगले नाव. परंतु ‘मोठी थैली’, ‘मोठी गोणी’ हे शब्द तेथे दिवसातून शंभरदा तरी येतात. ‘रॉकी’ला ‘रोखीने’ आडवा आला. अखेर केसांवरून ‘झिपू’ हे नाव सुचले. ‘झ’ने सुरू होणारी आज्ञा घरात एकही नव्हती, दोनच ठोके, आणि शेवटचा ‘ऊ’ लांबवून अंगणापलीकडे पोचवता येतो. आजीचा ‘झिप्या’ही त्याच ध्वनीने सुरू होतो.

निवड पक्की करण्यापूर्वी त्यांनी एक साधी परीक्षा घेतली. एकाने अंगणाच्या टोकाला उभे राहून यादीतील आज्ञा आणि नाव उलटसुलट क्रमाने, नेहमीच्या आवाजात उच्चारले. दुसऱ्याने दुकानाच्या गलबल्यात पाठ करून बसून जे ऐकू आले ते लिहिले. माणसालाच जेथे शंका येते, ते नाव बाद.

नाव बदलल्यावर पिलाला ते शिकवणेही क्रमाने झाले. प्रथम ‘झिपू’ आणि लगेच ‘बस्टर’ असे म्हणायचे. नवे नाव आधी, जुने नंतर. पिलाने वळून पाहिले की त्याच क्षणी पनीरचा किंवा पोळीचा बोटाच्या पेराहून लहान तुकडा द्यायचा. (सुक्या मेव्याच्या घरात हात बेदाण्याकडे जातो, बेदाणे आणि द्राक्षे कुत्र्याला विषारी ठरू शकतात, म्हणून ती कटाक्षाने टाळावीत.) एका वेळी आठ-दहा हाका, दोन-तीन मिनिटे, दिवसातून तीनदा. काही दिवसांनी जुने नाव गाळले. नाव एकदाच घ्यायचे, आणि रागावताना मुळीच घ्यायचे नाही, एवढे दोन नियम सर्वांना सांगितले. पिल्लू खेळात गुंग असतानाही एकाच हाकेत मान वळवू लागले की नाव रुजले असे समजावे. तीनदा हाक मारावी लागत असेल, तर ते नाव पिलाच्या लेखी भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखे झालेले असते.

ज्यांना आवडते नाव सोडवतच नाही, त्यांनी आज्ञा बदलावी. नाव दहा-बारा वर्षे तोंडी राहणार. ‘बस’ ऐवजी ‘बैठ’ शिकवायला मात्र थोडेच दिवस लागतात. दुकानदाराच्या घरी तर ही सूचना तशीही सोयीची आहे, कारण गिऱ्हाइकाला ‘या, बसा’ आणि वाढताना ‘बस, बस’ असे दिवसभर चाललेले असते. या घरानेही शेवटी ‘बैठ’ हीच आज्ञा ठेवली. काका मात्र अजून ‘बस’ म्हणतात, आणि झिपू त्यांच्याकडे नुसताच पाहत राहतो.